मेंटेनन्स ३,२८० वरून ५,१६८ वर कसा गेला? नोटीस बोर्डावरच्या चार्टचा खुलासा

सर्व सभासदांस,

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मेंटेनन्सचा नवा दर मंजुरीसाठी येणार आहे. त्याआधी आपण प्रत्येकाने नोटीस बोर्डावर लावलेला चार्ट नीट पाहावा, म्हणून हे लिहीत आहे. चार्टमध्ये २०१९-२० ते २०२४-२५ अशी सहा वर्षे आहेत. पहिल्या वर्षी दर फ्लॅटमागे महिन्याचा सरासरी खर्च ३,२८० रुपये होता, शेवटच्या वर्षी तो ५,१६८ रुपये झाला. हे १,८८८ रुपये नेमके कुठे वाढले, त्यातले कमी करता येण्यासारखे किती आणि आपल्या हातात नसलेले किती, हे खाली आहे.

चार्ट कसा वाचायचा

बोर्डावर दोन चित्रे आहेत. वरच्या चित्रात दोन रेषा आहेत. लाल रेषा म्हणजे प्रत्यक्ष खर्च, निळी म्हणजे आपण बिलातून गोळा केलेली रक्कम. या चित्राचा डावीकडचा आकडा शून्यापासून नव्हे, ३,००० पासून सुरू होतो. दोन रेषांमधले अंतर दिसावे म्हणून तो तसा घेतला आहे, पण त्यामुळे नुसत्या नजरेने पाहिले तर खर्च सात-आठ पट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो दीडपटीहून थोडा जास्त आहे. पाच वर्षांत ५८ टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी साडेनऊ टक्के. उंची पाहायची असेल तर खालचे खांबांचे चित्र पाहा, ते शून्यापासून सुरू होते.

वरच्या चित्रात पाहण्याची खरी गोष्ट म्हणजे दोन रेषांचे वळण. लाल रेषा दरवर्षी थोडी थोडी चढते. निळी रेषा पायऱ्यांसारखी आहे. मार्च २०२२ पर्यंत सरासरी बिल ३,३०० रुपये होते, मग ते ३,९०० झाले आणि एप्रिल २०२४ पासून ४,६००. पायरी येते तेव्हा सगळ्यांना ती एकदम झालेली वाढ वाटते, पण खर्च तिथे आधीच पोचलेला असतो. २०२३-२४ मध्ये आपण दर फ्लॅटमागे महिन्याला ३,९०० घेत होतो आणि खर्च करत होतो ४,७३०. सहा वर्षांची ही तूट मिळून साधारण १४ लाख ९० हजार रुपये होते. त्यातले ८ लाख ४० हजार हॉलचे भाडे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे बिगरभोगवटा शुल्क, थकबाकीवरचे व्याज आणि सर्वसाधारण ठेवींवरचे व्याज यांतून भागले. उरलेल्या साडेसहा लाखांसाठी ठेवी मोडाव्या लागल्या. मोडलेल्या ठेवीचे व्याजही पुढच्या वर्षी येत नाही, म्हणून तूट आपोआप वाढत जाते.

आता खालचे चित्र. प्रत्येक खांबात आठ रंगांचे पट्टे आहेत. पहिल्या आणि शेवटच्या खांबाचे आकडे येथे देतो. हे सगळ्या सोसायटीचे, म्हणजे ५६ फ्लॅटचे, महिन्याचे रुपये आहेत.

| पट्टा | २०१९-२० | २०२४-२५ | वाढ |
|---|---|---|---|
| सुरक्षा रक्षक | ६१,३६० | ९४,४०० | ३३,०४० |
| सफाई, कचरा, बाग | ३०,००० | ४६,००० | १६,००० |
| पाण्याचे टँकर | १०,८०० | ५३,२०० | ४२,४०० |
| सामाईक वीज | ३३,००० | ३७,८०० | ४,८०० |
| लिफ्टची देखभाल | ७,५०० | १४,००० | ६,५०० |
| ऑफिस, ऑडिट, विमा | ६,००० | ९,००० | ३,००० |
| दुरुस्ती निधी | २६,२५० | २६,२५० | ० |
| सिंकिंग फंड | ८,७५० | ८,७५० | ० |
| एकूण | १,८३,६६० | २,८९,४०० | १,०५,७४० |

शेवटचा रकाना पाहिला की लक्षात येईल, एकूण वाढीतले १०० पैकी साडेशहाऐंशी रुपये सुरक्षा-सफाईच्या माणसांचे पगार आणि टँकर या दोनच गोष्टींत गेले आहेत. सभेत विजेवर आणि स्टेशनरीवर जितका वेळ जातो, तितका या दोघांवर जायला हवा. दोन्हींचा स्वभावही वेगळा आहे. पगाराचा पट्टा दरामुळे वाढला, माणसे तितकीच आहेत. टँकरचा पट्टा मुख्यतः संख्येमुळे वाढला.

एका वॉचमनचे २३,६०० रुपये कुठे जातात

आपल्या गेटवर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या आहेत आणि रात्री एक जादा रक्षक असतो, म्हणजे चार जागा. एजन्सी एका जागेचे महिन्याला २३,६०० रुपये लावते. त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १३,००० आहेत. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रशासन खर्च धरून, १३ टक्के म्हणजे १,६९०. ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे ४२३. बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,०८३. इथपर्यंत १६,१९६ झाले. रक्षकाला आठवड्याची सुट्टी असते पण गेटला नसते, म्हणून त्या दिवशी येणाऱ्या बदली माणसाचा सहावा हिस्सा, २,६९९ रुपये. गणवेश आणि एजन्सीचे सेवाशुल्क मिळून १,१०५. झाले २०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,६०० रुपये.

या १३,००० मधून रक्षकाच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय आणि व्यवसायकर कापला जाऊन त्याच्या हातात साधारण ११,१०० ते ११,२०० रुपये पडतात. आपण २३,६०० देतो आणि त्याला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी मिळतात, याचा अर्थ मधले सगळे एजन्सी खाते असा नाही. मोठा भाग त्याच्याच पीएफचा, विम्याचा आणि बोनसचा आहे, आणि ३,६०० सरकारकडे जातात.

दर दरवर्षी का वाढतो? महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकाला बांधलेला आहे आणि तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. वेतनाचा आकडा शंभर रुपयांनी सरकला की पीएफ, ईएसआय, बोनस, बदली माणूस आणि जीएसटी हे सगळे त्याच्यावर चढत जातात. वेतनातली १०० रुपयांची वाढ आपल्या बिलात साधारण १७० रुपये होऊन येते. एजन्सीशी घासाघीस करून जो भाग कमी होऊ शकतो तो सेवाशुल्काचा, आणि तो मुळात लहान आहे.

काही सभासदांनी १७,००० रुपयांत रक्षक देणाऱ्या एजन्सीचे कोटेशन आणले आहे. त्याची तपासणी सोपी आहे. १७,००० मधून जीएसटी बाजूला काढला की १४,४०७ उरतात. वेतन, पीएफ, ईएसआय आणि बोनस मिळूनच १६,१९६ होतात. म्हणजे यात काहीतरी नक्की भरले जात नाही. बहुधा पीएफ अर्ध्याच वेतनावर दाखवलेला असतो, किंवा एकच माणूस बारा तास उभा करून जादा चार तासांचे पैसे दिलेले नसतात. उद्या एजन्सीने पीएफ भरला नाही असे निघाले, तर काम करून घेणारा म्हणून वसुली सोसायटीकडून होऊ शकते. म्हणून दर महिन्याला बिल मंजूर करण्याआधी पीएफचे चलन आणि त्यासोबतची नावांची यादी मागवली जाते आणि ती गेटवरच्या हजेरीपटाशी ताडली जाते. यादीतले नाव गेटवर दिसले नाही, किंवा गेटवरचा माणूस यादीत नसला, तर त्या जागेचे बिल थांबते.

या पट्ट्यात खरी बचत हवी असेल तर एकच प्रश्न आहे: रात्रीचा चौथा रक्षक हवा का? तो काढला तर दर फ्लॅटमागे महिन्याला ४२१ रुपये वाचतात. मागचे गेट रात्री कुलूपबंद ठेवून कॅमेऱ्यावर सोपवायचे की नाही, हे सभेने ठरवायचे आहे. माझे स्वतःचे मत असे की मागची भिंत उंच होईपर्यंत तो काढू नये.

टँकर: १२ वरून ३८

२०१९-२० मध्ये महिन्याला सरासरी १२ टँकर लागत आणि दहा हजार लिटरच्या टँकरला ९०० रुपये पडत. २०२४-२५ मध्ये ३८ टँकर लागले आणि दर १,४०० झाला. नुसता दर वाढला असता आणि टँकर बाराच राहिले असते, तर खर्च फक्त ६,००० रुपयांनी वाढला असता. वाढला ४२,४०० रुपयांनी. उरलेली सगळी वाढ जादा २६ टँकरची आहे. म्हणून दुसरा स्वस्त टँकरवाला शोधणे हा या पट्ट्यावरचा इलाज नाही.

हे २६ टँकर का वाढले, त्याचा हिशेब जवळपास बसतो. सहा वर्षांपूर्वी दहा फ्लॅट रिकामे होते, आज दोन आहेत. आठ फ्लॅटमधली साधारण ३२ माणसे वाढली, त्यांचे रोजचे सहा हजार लिटर. बोअर तेव्हा रोज सात हजार लिटर देत असे, आता चार हजारांवर आला आहे, म्हणजे तीन हजारांची घट. दोन्ही मिळून रोजचे नऊ हजार लिटर. महापालिकेचे पाणी तेव्हाही रोज २४ हजार लिटरच्या आसपास होते, आजही तितकेच आहे. सगळी वाढ टँकरवर आली.

पण आपण किती वापरतो हेही पाहिले पाहिजे. नळाचे २४ हजार, बोअरचे चार हजार आणि टँकरचे साडेबारा हजारांहून थोडे जास्त, असे रोज ४० हजार ७०० लिटर पाणी आपल्याकडे येते. आज राहणारी माणसे साधारण २१६. माणशी रोज १८८ लिटर झाले. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी १३५ लिटर धरतात. आपण त्यापेक्षा ५३ लिटर जास्त घेतो, आणि हे जास्तीचे पाणी बहुतांशी टँकरचे असते, कारण नळाचे पाणी आधी संपते.

हे सगळे पाणी कोणी वापरते असेही नाही. रात्री एक ते चार या वेळात, पंप बंद ठेवून, गच्चीवरच्या दोन्ही टाक्यांची पातळी मोजली. टाकीचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर आहे, त्यामुळे एक सेंटिमीटर उतार म्हणजे ७५ लिटर. बी विंगची टाकी तीन तासांत ३ सेंटिमीटर उतरली, हा रात्रीचा साधा वापर म्हणता येईल. ए विंगची ८ सेंटिमीटर उतरली. दोन्ही विंगमध्ये २८-२८ फ्लॅट आहेत, रात्री दोनला एका विंगमधले लोक दुसऱ्यापेक्षा अडीचपट पाणी वापरतील हे शक्य नाही. मधला ५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे तासाला १२५ लिटर, दिवसाला ३,००० लिटर. महिन्याला नऊ टँकर आणि १२,६०० रुपये.

भिंतीवर किंवा डक्टमध्ये ओल नसेल, तर अशी गळती बहुधा फ्लश टँकमध्ये सापडते. टँकमधला रबरी वॉशर कडक झाला की पाणी भांड्यात सतत झिरपत राहते. ते ऐकू येत नाही, दिसतही नाही, कारण पाण्याचा पातळ पडदा चिनी मातीला चिकटून उतरतो. पाच मिनिटांत एक लिटर झिरपले तर तासाला बारा लिटर. असे दहा टँक असले की ए विंगचा फरक भरून निघाला.

घरी तपासायचे असेल तर रात्री झोपण्यापूर्वी फ्लश टँकचे झाकण काढून कपड्यांना वापरायची नीळ सात-आठ थेंब टाका. अर्धा तास फ्लश वापरू नका. मग भांड्यात पाहा. पाणी निळसर दिसले तर वॉशर गेला आहे. वॉशर पांढरा, कोरडा किंवा कडेला चिरलेला दिसतो. नवा वॉशर बसवल्यावर पुन्हा नीळ टाकून पाहा, कारण कधी कधी वॉशर नवा असतो पण तो ज्या कडेवर टेकतो तिथे क्षार जमलेले असतात आणि गळती तशीच राहते. ती कडा व्हिनेगर लावून बोटाने गुळगुळीत होईपर्यंत साफ करावी लागते. टँकरचे पाणी बोअरचे असेल तर हे क्षार लवकर जमतात. टँकमधले पाणी वरच्या नळीतून उतरत असेल तर दोष वॉशरचा नाही, फ्लोटचा आहे. फ्लोट थोडा खाली घेतला की थांबते. ए विंगमधल्या प्रत्येक फ्लॅटची तपासणी सोसायटीचा प्लंबर करून देईल, तपासणीचे पैसे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट टँकरच्या मापाची. आपली जमिनीखालची टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. दहा हजार लिटर ओतले की पातळी ८३ सेंटिमीटरने वाढायला हवी. टाकीत मोजपट्टी लावली आहे. टँकर रिकामा करण्याआधी नळाचा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करायचे, आधीची आणि नंतरची पातळी वहीत लिहायची. ७५ सेंटिमीटरच वाढली तर टँकरमध्ये नऊ हजार लिटर होते. व्हॉल्व्ह बंद न करता मोजले तर नळाचे पाणीही त्यात येते आणि कमी भरलेला टँकर पूर्ण दिसतो. दर टँकरमागे एक हजार लिटर कमी पडले तर महिन्याला जवळपास चार टँकरचे पैसे पाण्याविना जातात. ही नोंद आता रक्षकाच्या सहीने ठेवली जाते आणि बिल वहीप्रमाणेच दिले जाते.

गळतीचे नऊ, मापाचे चार, आणि नळांना पाण्याची धार कमी करणारे एरेटर बसवून पाच असे महिन्याला अठरा टँकर कमी होऊ शकतात. ३८ चे २० झाले की २५,२०० रुपये वाचतात, दर फ्लॅटमागे ४५० रुपये. माणशी वापर तेव्हाही १६० लिटर राहील, म्हणजे कोणाची गैरसोय करून ही बचत काढलेली नाही. पुढच्या वर्षी पगारांत जी वाढ होईल ती यातून झाकली जाईल. इतकी मोठी रक्कम दुसऱ्या कोणत्याही पट्ट्यातून निघत नाही.

वीज आणि लिफ्ट

विजेचा पट्टा फसवा आहे. एलईडी बसवल्यापासून वापर महिन्याला २,७०० युनिटवरून २,३०० वर आला, तरी बिल वाढले, कारण सरासरी युनिट १२ रुपये २० पैशांवरून १६ रुपये ४० पैशांवर गेले. एलईडी बसवले नसते तर हा पट्टा आणखी जाड दिसला असता. आपले तिन्ही सामाईक मीटर सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये जातात. घटणारे प्रत्येक युनिट त्या महागड्या स्लॅबमधूनच घटते, त्यामुळे बचत सरासरी दरापेक्षा जास्त होते. गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचा विचार याच कारणासाठी पुढे आला आहे, त्याचा प्रस्ताव स्वतंत्रपणे येईल.

लिफ्टमध्ये वाढ दिसते ती करार बदलल्यामुळे. आधी साधी एएमसी होती. तीत तपासणी, तेल-ग्रीस आणि किरकोळ जुळवणी येत असे, पार्टचे पैसे वेगळे लागत आणि ते दुरुस्तीच्या पट्ट्यात पडत. आता सर्वसमावेशक करार आहे. पंधरा वर्षे जुन्या लिफ्टला हा करार बरा पडतो, मात्र त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी दरवर्षी वाचावी लागते. आपल्या करारात मुख्य दोर आणि वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेची बॅटरी वगळलेली आहे. या दोन गोष्टींचा खर्च कधीतरी एकदम येणार.

जे पट्टे वाढलेच नाहीत

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड या वरच्या दोन पट्ट्यांची जाडी सहाही वर्षे तीच आहे. पाहताना बरे वाटते, पण मला सर्वांत जास्त चिंता याच दोघांची आहे.

उपविधींप्रमाणे दुरुस्तीसाठी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का घ्यायचा असतो. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. आपली इमारत २००९ मध्ये पूर्ण झाली. तेव्हाचा बांधकाम खर्च टू बीएचकेचा ९ लाख आणि वन बीएचकेचा ६ लाख धरलेला आहे, आणि आजही तोच धरतो. बांधकामाचे भाव तेव्हाचे राहिलेले नाहीत, वर्गणी मात्र २००९ च्या भावाने गोळा होते. आपण किमान घेतो. कायद्याने जास्त घ्यायला बंदी नाही, सर्वसाधारण सभेने ठरवले तर घेता येते.

याचा परिणाम आता समोर आला आहे. बाहेरच्या भिंतींचे साधारण ५५ हजार चौरस फूट भेगा भरून रंगवायला २२ लाख आणि गच्चीच्या सहा हजार चौरस फुटांचे वॉटरप्रूफिंग करायला सहा लाख, असा २८ लाखांचा अंदाज आहे. दुरुस्ती निधीचे महिन्याचे २६,२५० रुपये रोजच्या प्लंबिंग, पंप आणि किरकोळ कामांतच संपतात. हा २८ लाखांचा आकडा चार्टमध्ये कुठेच नाही, कारण चार्ट झालेल्या खर्चाचा आहे.

सिंकिंग फंडात पैसे असताना रंग त्यातून का नको, असे बरेच जण विचारतात. सिंकिंग फंड पुनर्बांधणीसाठी, इमारतीच्या सांगाड्यातील बदलांसाठी किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो आणि त्यालाही सभेचा ठराव लागतो. नुसता रंग त्यात बसत नाही. शिवाय इमारतीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. आपले ते आता करायचे आहे. त्यात कॉलम किंवा बीमचे काम निघाले तर त्या वेळी हाच फंड लागेल. ऑडिटचा अहवाल हातात येण्याआधी रंगाचे कंत्राट देऊ नये असा समितीचा आग्रह आहे, कारण रंग झाल्यावर प्लॅस्टर फोडावे लागले तर २२ लाखांतले बरेचसे वाया जातील.

आपले स्वतःचे बिल

५,१६८ ही सरासरी आहे, कोणाच्याही बिलावर हा आकडा येणार नाही. सुरक्षा, सफाई, सामाईक वीज आणि ऑफिस हे सेवाशुल्क आहे आणि ते उपविधींप्रमाणे सर्व फ्लॅटमध्ये समान वाटले जाते: ३,३४३ रुपये. लिफ्टही समान: २५० रुपये. पाणी नळांच्या संख्येवर वाटले जाते. वन बीएचकेला सहा, टू बीएचकेला नऊ नळ आहेत, म्हणून ७६० आणि १,१४०. दुरुस्ती निधी ३७५ आणि ५६२.५०, सिंकिंग फंड १२५ आणि १८७.५०. वन बीएचकेचे एकूण ४,८५३ आणि टू बीएचकेचे ५,४८३ होतात.

घर लहान असून सेवाशुल्क तेवढेच का, हा प्रश्न वाजवी आहे. गेटवरचा माणूस दोघांनाही सारखीच सेवा देतो, हे त्यामागचे तत्त्व. शेजारच्या संकुलात चौरस फुटांप्रमाणे घेतात असे काहींनी दाखवले आहे. ते संकुल १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहे, तिथे खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटतात. आपण सहकारी संस्था आहोत, आपल्याला ती पद्धत लावता येत नाही. मिळकतकर आणि त्यातलीच पाणीपट्टी आपण प्रत्येक जण महापालिकेला स्वतंत्र भरतो, म्हणून ती या बिलात नाही.

जीएसटीबद्दलही लक्षात असू द्या. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि सभासदाचे मासिक शुल्क ७,५०० च्या वर गेले, तर १८ टक्के कर लागतो. आपली उलाढाल ३० लाखांच्या वर आहे, म्हणजे पहिली अट आधीच पूर्ण झाली आहे. आजच्याच गतीने खर्च वाढला तर टू बीएचकेचे बिल चौथ्या वर्षी ७,५०० ओलांडेल. टँकर कमी करण्याची घाई याही कारणाने आहे.

सभेपुढे मतास येणारे विषय

ऑक्टोबरपासूनचे बिल वन बीएचकेला ४,९०० आणि टू बीएचकेला ५,५५० करावे. सरासरी ५,२२५ होते, म्हणजे आजचा खर्च भागतो आणि ठेवी मोडणे थांबते. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनियर नेमावा. त्याचा अहवाल आल्यावर रंग आणि वॉटरप्रूफिंगसाठी वेगळा मोठ्या दुरुस्तीचा निधी सुरू करावा. २८ लाख तीन वर्षांत जमवायचे तर सरासरी महिना १,३८९ रुपये होतात, पाच वर्षांत जमवायचे तर ८३३. पाच वर्षे थांबल्यास तोवर गच्ची गळत राहील आणि वरच्या मजल्यावरच्या आठ घरांना ते सोसावे लागेल. तीन वर्षांत जमवल्यास हप्ता जड जाईल. एका फ्लॅटने एकदम रक्कम भरली तर त्याला मासिक हप्ता माफ, असाही पर्याय ठेवला आहे. कोणता कालावधी घ्यायचा हे मतदानाने ठरेल.

सहा वर्षांची सर्व बिले, एजन्सीची पीएफ चलने, टँकरची वही आणि ठेवींच्या पावत्या सभेच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात सोसायटीच्या ऑफिसमध्ये पाहायला मिळतील. एखाद्या आकड्यावर शंका असेल तर त्या महिन्याचे आणि पट्ट्याचे नाव लिहून सभेच्या तीन दिवस आधी ऑफिसात द्या, म्हणजे त्याची व्हाउचर काढून सभेत आणता येतील.

खजिनदार
व्यवस्थापक समितीच्या वतीने